करंगळीचं वर्कआऊट, तेही डोक्यात!

डावा हात टेबलावर पालथा ठेवा. बोटं जुळवून. आता बाकी काहीही न हलवता फक्त करंगळी बाजूला न्या, अनामिकेपासून जितकी लांब जाईल तितकी. जमलं? आता करंगळीच्या बाहेरच्या अंगाला एखादं जाडजूड पुस्तक टेकवा आणि तशीच करंगळी बाजूला रेटत ते ढकलायचा प्रयत्न करा. पुस्तक फारसं हलणार नाही. तळहाताच्या कडेला, करंगळीच्या खाली जो मांसल उंचवटा आहे, तिथे मात्र थोडा ताण जाणवेल.

हा व्यायाम तुम्ही आयुष्यात कधी केला नसणार. कोणीच करत नाही. जिममध्ये बायसेप्स डे असतो, लेग डे असतो, करंगळी डे नसतो. आणि नेमकं म्हणूनच 1992 मध्ये अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातल्या ग्वांग यू आणि केली कोल या दोन संशोधकांनी आपल्या प्रयोगासाठी करंगळी निवडली.

प्रयोग असा होता. काही लोकांना तीन गटांत विभागलं. पहिल्या गटाने चार आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, डावी करंगळी जिवाच्या आकांताने बाजूला ढकलायची. दुसऱ्या गटाने तेवढेच दिवस, तेच करायचं, पण फक्त मनात. म्हणजे हात स्वस्थ ठेवायचा आणि आपण पूर्ण जोर लावून करंगळी ढकलतोय अशी कल्पना करायची. तिसऱ्या गटाने काहीच करायचं नाही. सुरुवातीला आणि शेवटी सगळ्यांच्या करंगळीचा जोर यंत्रावर मोजला.

खरा व्यायाम करणाऱ्यांची ताकद सरासरी 30 टक्क्यांनी वाढली. यात काही नवल नाही. पण नुसती कल्पना करणाऱ्यांचीही 22 टक्क्यांनी वाढली! काहीच न करणाऱ्यांची वाढ होती 3.7 टक्के.

हे मी रूममेटला वाचून दाखवलं तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, ‘मग मी जिमची फी का भरतेय?’ प्रश्न रास्त आहे. ‘विचार करा आणि मसल्स कमवा’ छापाची रील्स याच आकड्यावर चालतात. पण या 22 टक्क्यांच्या पोटात काय आहे ते पाहिलं की गंमत वेगळीच निघते.

पहिली शंका कोणालाही येईल ती ही की, कल्पना करता करता लोक हळूच खरोखरच जोर लावत असतील. स्वतःच्याही नकळत. हे तपासायला ईएमजी असतो. स्नायू आकसतो तेव्हा त्यात बारीकसे विद्युत बदल होतात. त्वचेवर चिकटवलेले इलेक्ट्रोड ते टिपतात. कल्पना चालू असताना स्नायू शांत आहे ना, यावर या पद्धतीने नजर ठेवता येते.

दुसरी शंका अशी की, चार आठवडे मेहनत केल्यावर शेवटच्या चाचणीत माणूस उगाच जास्त जोर लावतो. उत्साहाचा परिणाम. यावर यू आणि कोल यांनी छान युक्ती केली होती. त्यांनी डाव्या पायाच्या अंगठ्याचा जोरही मोजला. नुसता उत्साह असता तर अंगठ्याचाही आकडा वर गेला असता. तो होता तिथेच राहिला.

तिसरी तपासणी मला सगळ्यांत आवडली. त्यांनी माणसाला ‘जोर लाव’ असं सांगितलंच नाही. करंगळीच्या स्नायूकडे जाणाऱ्या मज्जातंतूला बाहेरून विजेचा झटका दिला. अशा वेळी स्नायू आपोआप आकसतो. मेंदूचा त्यात काही संबंध नसतो, त्यामुळे स्नायूची स्वतःची ताकद किती, ते कळतं. चार आठवड्यांनंतर ही ताकद कोणत्याच गटात वाढली नव्हती. कल्पना करणाऱ्यांत नाही आणि (हे वाचून मी दोनदा थांबले) खराखुरा व्यायाम करणाऱ्यांतही नाही.

म्हणजे स्नायू होता तसाच होता. तरी करंगळी जास्त जोराने ढकलत होती. मग वाढलं काय?

वाढला तो मेंदूकडून येणारा हुकूम. आपण ‘ताकद’ म्हणून जे एकच काहीतरी समजतो ते खरं तर दोन गोष्टींचं मिळून असतं. एक, स्नायू किती जाड आणि दमदार आहे. दोन, त्यातल्या किती तंतूंना मेंदू कामाला लावू शकतो आणि किती वेगाने आदेश पाठवत राहतो. तुम्ही जिम लावता तेव्हा पहिल्या दोन-तीन आठवड्यांत वजन पटापट वाढवता येतं, पण आरशात काहीच फरक दिसत नाही, हा अनुभव बऱ्याच जणांना असेल. त्या दिवसांत स्नायू अजून फारसा वाढलेला नसतो. मेंदू आणि मज्जारज्जू तो वापरायला शिकत असतात. आयोवाच्या प्रयोगाने दाखवलं ते इतकंच की, या शिकण्याचा बराचसा भाग हात न हलवताही होऊ शकतो.

आणखी एक पुरावा त्याच प्रयोगात होता. सराव डाव्या करंगळीचा झाला होता, तरी उजव्या करंगळीचाही जोर वाढला. खरा व्यायाम करणाऱ्यांत 14 टक्के, कल्पना करणाऱ्यांत 10. उजव्या हाताने काहीच केलं नव्हतं, डोक्यातही नाही. दोन्ही हातांना जोडणारी जागा वर आहे, त्यामुळे बदलही वरच कुठेतरी झाला असणार.

आता ‘वर’ नेमकं काय होतं? कल्पना म्हणजे नुसता डोळ्यांपुढचा सिनेमा नव्हे. एखादी हालचाल तुम्ही मनात करता तेव्हा ती आखणारे मेंदूचे भाग, म्हणजे पुढच्या बाजूची हालचालींची तयारी करणारी पट्टी, शरीर कुठे कसं आहे याचा हिशोब ठेवणारा वरचा भाग आणि मागचा छोटा मेंदू, हे बऱ्याच अंशी तसेच कामाला लागतात जसे खऱ्या हालचालीत लागतात. प्रत्यक्ष आदेश सोडणारा जो शेवटचा टप्पा, मोटर कॉर्टेक्स, त्याबाबत जरा मतभेद आहेत. काही स्कॅनमध्ये तो जागा झालेला दिसतो, काहींत दिसत नाही.

तो जागा होतो की नाही हे बघायची एक वेगळी पद्धत आहे. डोक्यावर, मोटर कॉर्टेक्सच्या बरोबर वर, तारेचं वेटोळं धरून त्यातून क्षणभर चुंबकीय झटका देतात. जागा अचूक असेल तर हाताचं बोट टचकन उडतं. बोट किती उडालं ते ईएमजीवर मोजता येतं. आता हाच झटका माणूस स्वस्थ बसलेला असताना दिला आणि मग तेच बोट हलवायची कल्पना करत असताना दिला, तर दुसऱ्या वेळी बोट जास्त जोरात उडतं. आणि शक्यतो तेच बोट, ज्याची कल्पना चालू आहे. याचा अर्थ कल्पना करताना त्या स्नायूकडे जाणारी वाट तापलेली असते. आदेश उंबरठ्यापर्यंत येऊन थांबतो. बाहेर पडत नाही, म्हणून हात हलत नाही.

इथवर सगळं भारी वाटतंय. आता दुसरी बाजू.

1998 मध्ये सिडनीच्या संशोधकांनी (हर्बर्ट, डीन आणि गंडेविया अशी त्यांची नावं) जवळजवळ हाच प्रश्न कोपर वाकवणाऱ्या स्नायूंना विचारला. म्हणजे सगळ्यांचे लाडके बायसेप्स आणि त्यांचे शेजारी. 54 लोक, आठ आठवडे. खऱ्या व्यायामाने ताकद साधारण 18 टक्के वाढली. कल्पनेने साधारण 7 टक्के. ‘हं, थोडी तरी वाढली!’ असं म्हणण्याआधी तिसऱ्या, तुलनेसाठी ठेवलेल्या गटाचा आकडा बघा. तोही साडेसहा टक्क्यांच्या आसपासच होता. म्हणजे कल्पनेचा स्वतःचा फायदा जवळपास शून्य. चाचणी देणं हाही एक सराव असतो, यंत्राची सवय होते, आणि तेवढ्यानेही आकडा थोडा वर सरकतो. म्हणून पुढच्या वेळी कोणी ‘कल्पनेने इतके टक्के ताकद वाढली’ असं सांगितलं तर आधी विचारा, ज्यांनी काहीच केलं नाही त्यांची किती वाढली?

मग करंगळीला जमलं ते दंडाला का नाही? एक हिशोब करून बघू. आकडे मी सोयीसाठी घेतलेत, पण कल्पना पक्की होईल. समजा एखादा स्नायू पूर्ण शंभर टक्के वापरला तर 10 किलोचा जोर देऊ शकतो. तुम्ही जीव तोडून प्रयत्न केलात तरी मेंदू त्यातला 80 टक्केच वापरू शकतो. म्हणजे मिळतात 8 किलो. सरावाने हे प्रमाण 80 वरून 97 वर आलं तर जोर होईल 9.7 किलो. स्नायू तितकाच, ताकद मात्र 21 टक्क्यांनी जास्त. आता दुसरा स्नायू घ्या, ज्याचा मेंदू आधीपासूनच 96 टक्के वापर करतोय. तिथे हुकूम कितीही सुधारला तरी उरतात चारच टक्के.

कोपर वाकवणं आपण दिवसभर करतो. बॅग उचलतो, बादली उचलतो, लोकलच्या दांड्याला लटकतो. निरोगी तरुण माणूस हे स्नायू मुळातच जवळपास पूर्ण वापरू शकतो, आणि सिडनीच्या लोकांनी ते मोजूनही पाहिलं होतं. मोजायची पद्धत साधी आहे. माणसाला पूर्ण जोर लावायला सांगायचं आणि त्याच क्षणी स्नायूला विजेचा झटका द्यायचा. झटक्याने जोर आणखी उसळला तर मेंदूने काहीतरी मागे ठेवलं होतं. उसळला नाही तर होतं नव्हतं ते सगळं वापरून झालंय. करंगळी बाजूला नेणं ही मात्र मेंदूला जवळजवळ अनोळखी हालचाल. तिथे शिकायला भरपूर वाव होता.

खरं सांगायचं तर दंडाचा वाद इथे मिटला नाही. यू यांनीच पुढे क्लीव्हलँडमध्ये सहकाऱ्यांबरोबर केलेल्या, 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात कोपराची ताकदही 12 आठवड्यांच्या कल्पनेने साडेतेरा टक्के वाढली, आणि करंगळीची 35. पण त्यात एकेका गटात आठच माणसं होती. माझं मत विचाराल तर इतक्या छोट्या गटांच्या आकड्यापेक्षा मी सिडनीच्या 54 जणांवर जास्त भरवसा ठेवेन. तरी करंगळी पुढे आणि दंड मागे, हा क्रम दोन्हीकडे तोच आहे, हे लक्षात घ्या.

म्हणजे धडधाकट माणसाने जिम सोडून गादीवर पडून बायसेप्सचा विचार करावा, यात काही राम नाही. कल्पनेने स्नायू जाड होत नाही. त्याला वजन लागतं, ताण लागतो, खाणं लागतं. पण एक माणूस असा आहे ज्याला यातून खरंच काहीतरी मिळू शकतं. ज्याचा हात प्लास्टरमध्ये आहे तो.

तुमच्या वर्गात दरवर्षी असा एक तरी असतोच. बाईक घसरली, कबड्डीत मनगट गेलं, आणि महिनाभर प्लास्टर. प्लास्टर काढल्यावर हात असा लुळा वाटतो की पाण्याचा तांब्या धरवत नाही. आपण समजतो, स्नायू वाळला म्हणून. तो वाळतोच. पण त्याच्याबरोबर दुसरंही काहीतरी होतं. महिनाभर हात न वापरल्याने मेंदूची त्याला हुकूम द्यायची सवयही मोडते.

अमेरिकेतल्या ओहायो विद्यापीठात ब्रायन क्लार्क आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग याच प्रश्नावर होता. त्यांनी 29 निरोगी माणसांच्या हाताला मुद्दाम प्लास्टर घातलं, मनगट आणि पंजा हलणारच नाही असं, चार आठवडे. (स्वतःहून असं प्लास्टर घालून घेणाऱ्यांना सलाम.) त्यातल्या निम्म्या लोकांना काहीच करायला सांगितलं नाही. उरलेल्यांनी आठवड्यातून पाच दिवस मनातल्या मनात मनगट वाकवायचं होतं, पूर्ण जोर लावून. पाच सेकंद जोर, पाच सेकंद सैल, पुन्हा जोर. एका बैठकीत असं पन्नासेक वेळा. हात प्लास्टरमध्ये स्वस्थ.

चार आठवड्यांनी प्लास्टर काढलं. काहीच न केलेल्यांची मनगटाची ताकद 45 टक्क्यांनी घटली होती. कल्पना केलेल्यांची घटली 24 टक्क्यांनी. एखाद्याचा जोर आधी 20 किलोचा असेल असं धरलं तर पहिल्या गटात तो 11 किलोवर आला आणि दुसऱ्यात 15 किलोच्या थोडा वर राहिला. जवळपास निम्मं नुकसान वाचलं.

आणि वाचलं ते कुठे, हेही त्यांनी बघितलं. मघाशी सांगितलेली झटक्याची चाचणी इथेही केली. मेंदू स्नायूचा किती वापर करू शकतो ते प्रमाण, काहीच न करणाऱ्यांत 23 टक्क्यांनी घसरलं होतं, कल्पना करणाऱ्यांत 13 टक्क्यांनी. शिवाय डोक्यावरच्या चुंबकीय झटक्याने त्यांनी मेंदूतला ‘ब्रेक’ मोजला. स्नायू आकसलेला असताना हा झटका दिला तर त्यानंतर क्षणभर ईएमजी एकदम गप्प होतो. ही शांतता जितकी लांब तितका मेंदूतला ब्रेक घट्ट. प्लास्टरमध्ये नुसत्या पडून राहिलेल्या हातासाठी ही शांतता लांबली होती. कल्पना करणाऱ्यांत ती जवळपास होती तितकीच राहिली.

तरीही चोवीस टक्के ताकद गेलीच, हे विसरू नका. तेवढा भाग कल्पनेला रोखता आला नाही. आणि ही सगळी निरोगी हाडांची माणसं होती. मोडलेल्या हातात वेदना असते, सूज असते, भीती असते. तिथे किती फायदा होईल हे या प्रयोगावरून ठरवता येणार नाही.

करून बघायचं असेल तर करायचं कसं? इथे बहुतेक जण एकच घोळ घालतात. ते स्वतःला बाहेरून बघतात, जणू कोणीतरी आपला व्हिडिओ काढतंय. त्याचा फारसा उपयोग होत नाही. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एका गटाने कोपर वाकवण्याचा जोर आतून अनुभवला, दुसऱ्याने तीच गोष्ट बाहेरून पाहिल्यासारखी कल्पिली. सहा आठवड्यांत आतून अनुभवणाऱ्यांची ताकद जवळपास 11 टक्के वाढली, बाहेरून बघणाऱ्यांची 5 टक्क्यांच्या आत राहिली. (हाही छोटाच प्रयोग, 18 जणांचा.) म्हणून चित्र नको, जाणीव हवी. तळहातात रुतणारी मूठ, मनगटाच्या आतल्या बाजूला ताठ होणारी शीर, पुढे सरकता सरकत नाही असं वजन. आणि जोर पूर्ण. अर्ध्या मनाने मनगट वाकवल्याची कल्पना केलीत तर सराव अर्ध्या जोराचाच होतो.

पाच सेकंद म्हणजे पाचच सेकंद, घड्याळ लावून. मनातली हालचाल खरी असेल तर तिला खऱ्याइतकाच वेळ लागतो. हे तुम्ही आत्ता तपासू शकता. खोलीच्या दारापासून जिन्यापर्यंत चालत जायला किती सेकंद लागतात ते मोजा, मग डोळे मिटून तेच अंतर मनात चाला आणि पुन्हा मोजा. दोन्ही आकडे जवळपास आले तर तुमची कल्पना पायांनी चालतेय. मनातले दोनच सेकंदांत पोचलात तर तुम्ही चालला नाहीत, ‘मी जिन्यापाशी गेलो’ एवढं वाक्य म्हणालात.

दुसरी खूण हाताचीच. दुसऱ्या हाताची बोटं हलकेच त्या स्नायूवर ठेवा. कल्पना करताना तो टणक होत असेल तर तुम्ही खरोखर जोर लावताय. निरोगी हातात त्याने काही बिघडत नाही. पण हाड नुकतंच जुळवलंय किंवा स्नायूची दोरी शिवलीये, तर हाच नकळतचा जोर महागात पडू शकतो. म्हणून प्लास्टरवाल्यांनी हे सुरू करण्याआधी आपल्या ऑर्थोपेडिक डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना विचारायचं, आणि दुखलं की थांबायचं. दहा-पंधरा मिनिटांहून लांब बैठकही नको. त्यापुढे लक्ष भरकटतं आणि उरतो तो नुसता डोळे मिटून घेतलेला आराम.

डॉक्टरांना हे विचारायला जालच तर आणखी एक प्रश्न विचारा. उजव्या करंगळीची गोष्ट आठवतेय ना? डाव्याच्या सरावाने उजव्याला फायदा झाला होता, आणि खऱ्या व्यायामाने कल्पनेपेक्षा जास्त. तुमचा एक हात प्लास्टरमध्ये आहे, पण दुसरा मोकळा आहे. त्याने खरंखुरं वजन उचललं तर चालेल का, ते विचारून घ्या.